हार्डवायर्ड की मायक्रोप्रोग्रॅम्ड? कंट्रोल युनिटबद्दल पोरं दरवर्षी विचारतात ते प्रश्न

सांगलीत विश्रामबागला माझ्या खोलीवर परीक्षेच्या आधी ज्युनियर पोरं येतात, आणि कॉम्प्युटर ऑर्गनायझेशनमधला हा एक टॉपिक दरवर्षी असतोच. तेच तेच तोंडी सांगून कंटाळलो म्हणून एकदाच लिहून टाकतोय. सगळ्या प्रश्नांना मी एकच छोटं मशीन वापरलंय, त्यामुळं मधूनच वाचायला घेऊ नका, वरून खाली या.

दादा, कंट्रोल युनिट नक्की करतं काय? ते तर काहीच कॅल्क्युलेट करत नाही ना?

नाही करत, बरोबर आहे. बेरीज एएलयू करतं, डेटा रजिस्टरमध्ये बसतो, कंट्रोल युनिट फक्त सांगतं की आत्ता या क्लॉकला कुठलं दार उघडायचं. पीसी म्हणजे प्रोग्रॅम काउंटर, त्यातला आकडा बसवर सोड, मेमरी अ‍ॅड्रेस रजिस्टरनं तो उचल, मेमरी वाच, असं. प्रत्येक दाराला एक वायर, त्या वायरवर 0 किंवा 1. मग सगळा प्रश्न एवढाच राहतो की कुठल्या क्लॉकला कुठल्या वायरवर 1 येणार हे कोण ठरवतं. ते गेट्सच्या सर्किटनं ठरवलं तर हार्डवायर्ड, आणि एका छोट्या मेमरीत आधीच लिहून ठेवलेल्या शब्दातून वाचलं तर मायक्रोप्रोग्रॅम्ड. व्याख्या संपली, आता मशीन बघू.

कुठलं मशीन?

एकच बस. रजिस्टर पाच: पीसी, एमएआर म्हणजे मेमरी अ‍ॅड्रेस रजिस्टर, एमडीआर म्हणजे मेमरी डेटा रजिस्टर, आयआर म्हणजे इन्स्ट्रक्शन रजिस्टर आणि अ‍ॅक्युम्युलेटर म्हणजे A. एएलयूची एक बाजू थेट A ला जोडलेली, दुसरी बसला, आणि उत्तर परत A मध्येच. इन्स्ट्रक्शन पाच: `LDA`, `ADD`, `STA`, `JMP` आणि `JZ`. `JZ` म्हणजे A शून्य असेल तरच उडी, त्यासाठी Z नावाचा एक फ्लॅग. मेमरी एका क्लॉकमध्ये उत्तर देते असं धरू.

आता `ADD` चा प्रवास बघा. पहिल्या क्लॉकला `PCout` आणि `MARin`, दुसऱ्याला `Read` आणि सोबतच `PCinc`, तिसऱ्याला `MDRout` आणि `IRin`. इथं फेच झालं, हे सगळ्या इन्स्ट्रक्शनला सारखंच. चौथ्याला `IRout` आणि `MARin`, कारण ऑपरंडचा पत्ता आयआरमध्येच आहे, पाचव्याला `Read`, सहाव्याला `MDRout`, `Add`, `Ain` आणि काम संपलं हे सांगणारा `End`. सहा क्लॉक. `JMP` मात्र चौथ्या क्लॉकलाच `IRout`, `PCin`, `End` करून मोकळा होतो.

हे सहा टप्पे हातानं एकदा कागदावर काढा, बसवरून काय जातंय ते बाण काढून. ज्यांनी हे केलं नाही त्यांना पुढचं सगळं पाठांतर वाटणार.

मग हार्डवायर्डमध्ये हे कसं बनवतात?

एक 3 बिटचा काउंटर घ्यायचा आणि त्याला डिकोडर लावायचा, म्हणजे T1 ते T8 अशा आठ वायर मिळतात आणि एका वेळी त्यातली एकच चालू असते. तिला टप्प्याची वायर म्हणा. दुसरा डिकोडर ऑपकोडला, त्यातून `LDA`, `ADD` वगैरे प्रत्येक इन्स्ट्रक्शनची एक वायर. मग प्रत्येक कंट्रोल सिग्नलसाठी विचारायचं, बाबा तू कधी कधी चालू असतोस? आणि त्याचं उत्तर म्हणजेच त्याचं समीकरण.

```
MARin  = T1 + T4·(LDA + ADD + STA)
Read   = T2 + T5·(LDA + ADD)
MDRout = T3 + T6·(LDA + ADD)
Ain    = T6·(LDA + ADD)
Add    = T6·ADD
Aout   = T5·STA
PCin   = T4·(JMP + JZ·Z)
IRout  = T4
End    = T4·(JMP + JZ) + T6
```

अजून पाच-सहा आहेत पण ती एका ओळीत संपतात, तुम्ही करा. `End` आला की काउंटर परत T1 वर जातो.

यातलं `IRout = T4` नीट बघा, कारण पुढं त्याच्यावरूनच भांडण होणार आहे. खरं तर लिहायला पाहिजे होतं T4 आणि पाचपैकी कुठलीही इन्स्ट्रक्शन. पण पाचच्या पाच इन्स्ट्रक्शन चौथ्या टप्प्याला `IRout` देतातच (उडी मारायची नसेल तेव्हा `JZ` नं दिला तरी `PCin` बंद असतो, मग बसवर काय आहे याचं कुणाला काय), म्हणून अख्खा कंस उडवून टाकला. एक गेट वाचलं आणि तेवढाच डिले वाचला. हार्डवायर्डची स्पीड म्हणतात ती अशा काटकसरीतून येते.

समीकरण लिहिताना चूक झाली तर कळतं कसं?

चुकीवर अवलंबून आहे. आणि सगळ्यात वाईट चूक ती, जिच्यात उत्तर बरोबर येतं. समजा `End` मध्ये T4 ला `JMP` लिहायचं विसरलात. काउंटर T5 ला जातो, तिथं `JMP` साठी काहीच चालू नाही, T6 ला जातो, तिथं `End` आहेच, मग परत T1. प्रोग्रॅम एकदम बरोबर चालतो, फक्त प्रत्येक `JMP` ला 4 ऐवजी 6 क्लॉक लागतात. आउटपुट बघून हे कधीच सापडणार नाही, क्लॉक मोजायलाच पाहिजेत.

उलटी चूक म्हणजे `STA` ला T5 लाच `End` देणं. मग T6 चा `Write` येतच नाही आणि मेमरीत जुनीच किंमत राहते. ही लगेच दिसते.

आणि तिसरी, `Read` मध्ये T5 च्या कंसात चुकून `STA` पण घालणं. आता पाचव्या टप्प्याला एमडीआरमध्ये बसवरून A पण शिरायला बघतो आणि मेमरीतून जुना डेटा पण. कोण जिंकेल ते तुमचा मल्टिप्लेक्सर कसा जोडलाय त्याच्यावर. लॅबमध्ये असली भानगड शोधत माझी अख्खी दुपार गेली होती, आणि सापडली तेव्हा चूक एका शब्दाची.

मायक्रोप्रोग्रॅम्डमध्ये तेच मशीन कसं दिसतं?

डेटापाथ तोच, एक वायर इकडची तिकडं नाही. हे लै जण विसरतात आणि दोन वेगवेगळे सीपीयू असल्यासारखी आकृती काढतात. बदलतं फक्त सिग्नल कुठून येतात ते. काउंटर आणि गेट्सचं जंगल काढून टाकायचं, तिथं एक रॉम ठेवायची, तिला कंट्रोल मेमरी म्हणायचं. तिच्यातली एक ओळ म्हणजे एक मायक्रोइन्स्ट्रक्शन, आणि तिच्यात प्रत्येक सिग्नलला एक बिट, शिवाय पुढं कुठल्या ओळीवर जायचं ते.

```
 0  PCout, MARin        -> 1
 1  Read, PCinc         -> 2
 2  MDRout, IRin        -> map
 3  IRout, MARin        -> 4         LDA
 4  Read                -> 5
 5  MDRout, Pass, Ain   -> 0
 6  IRout, MARin        -> 7         ADD
 7  Read                -> 8
 8  MDRout, Add, Ain    -> 0
 9  IRout, MARin        -> 10        STA
10  Aout, MDRin         -> 11
11  Write               -> 0
12  IRout, PCin         -> 0         JMP
13  -                   -> Z ? 12:0  JZ
```

`Pass` म्हणजे एएलयूनं काही न करता बसवरचं जसंच्या तसं पुढं ढकलायचं, ते `LDA` ला लागतं. ओळ 2 च्या शेवटी `map` लिहिलंय, ती एक छोटी टेबल आहे: ऑपकोड दिला की सुरुवातीची ओळ मिळते, `ADD` दिला की 6, `STA` दिला की 9. एक बारीक गोष्ट इथं लक्षात ठेवा, आयआर भरतो क्लॉकच्या शेवटी, म्हणून टेबलला ऑपकोड आयआरमधून न देता थेट बसवरून द्यावा लागतो, नाहीतर मागच्या इन्स्ट्रक्शनच्या ओळीवर उडी जाईल. बसवरून द्यायचा नसेल तर एक क्लॉक जास्त खर्च करा.

`End` सिग्नल दिसत नाही ना? तो आता लागत नाही, "ओळ 0 वर जा" हाच `End`.

साइज काढू. 14 ओळी, म्हणून 16 धरू, पत्त्याला 4 बिट. कंट्रोल सिग्नल 14, पुढच्या पत्त्याचे 4, आणि पुढं सरळ जायचं, मॅपवरून जायचं की Z बघून जायचं हे ठरवायला 2. एकूण 20 बिटचा शब्द, 16 गुणिले 20 म्हणजे 320 बिट. मॅप टेबल वेगळी: ऑपकोड 3 बिटचा म्हणून 8 ओळी, प्रत्येकी 4 बिट, 32 बिट.

मायक्रोप्रोग्रॅम आणि आपला नेहमीचा प्रोग्रॅम, दोन्ही मेमरीतच ना?

नाही, आणि हीच चूक पेपरात सगळ्यात जास्त दिसते. तुमचा प्रोग्रॅम मेन मेमरीत असतो आणि रोज बदलतो. मायक्रोप्रोग्रॅम सीपीयूच्या आत, वेगळ्या कंट्रोल मेमरीत असतो, प्रोसेसर बनवणाऱ्यानं लिहिलेला. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला तो दिसतच नाही. तुमच्या एका `ADD` साठी आत सहा ओळी पळतात.

हॉरिझॉन्टल आणि व्हर्टिकल काय भानगड आहे?

वर केलं ते हॉरिझॉन्टल, प्रत्येक सिग्नलला स्वतःचा बिट. आता बघा, `PCout`, `MDRout`, `IRout`, `Aout` यातले दोन एकावेळी कधीच चालू नसतात, कारण बस एकच आहे. मग चार बिट कशाला? चार सिग्नल आणि एक "कुणीच नाही", पाच पर्याय, 3 बिटात बसतात. तसंच `in` वाले पाच सिग्नल अधिक कुणीच नाही, सहा पर्याय, तेही 3 बिट. `Add`, `Pass` आणि काहीच नाही, 2 बिट, इथं काही वाचलं नाही. `Read`, `Write` आणि काहीच नाही, 2 बिट. `PCinc` एक. एकूण 14 चे 11 झाले, शब्द 20 चा 17 झाला, 16 ओळींना 272 बिट, 48 वाचले.

"काहीच नाही" हा पर्याय मोजायला विसरू नका. `Read` आणि `Write` ला दोनच पर्याय समजून 1 बिट दिला तर काय होईल विचार करा: प्रत्येक क्लॉकला मशीन मेमरी वाचत तरी असेल नाहीतर लिहीत तरी असेल, गप्प बसण्याचा मार्गच नाही.

बिट वाचले त्याची किंमत दोन ठिकाणी मोजावी लागते. मेमरीतून शब्द आला की तो डिकोडरमधून जाणार, म्हणजे डिले वाढला. आणि एका गटातले दोन सिग्नल एकत्र चालू करणं कायमचं गेलं, उद्या तुम्हाला बसवरची किंमत एमएआर आणि A दोन्हीत एकदम भरायची असेल तर नाही जमणार, दोन ओळी लागतील. अशा गटांनी बिट वाचवलेल्या शब्दाला काही पुस्तकं व्हर्टिकल म्हणतात आणि काही मधला प्रकार म्हणतात, पूर्ण व्हर्टिकलमध्ये एका ओळीत जवळपास एकच काम असतं. तुमचे सर जे म्हणतात ते लिहा.

स्पीडमध्ये नक्की किती फरक? आणि का?

मी दुसऱ्या वर्षाला पेपरात लिहिलं होतं, "हार्डवायर्ड फास्ट असतं कारण वायरमधून सिग्नल पटकन जातो." सहापैकी दोन मार्क मिळाले, आणि ते दोन पण दया म्हणून. वायर दोन्हीकडं आहेत हो.

खरं कारण असं. एका क्लॉकमध्ये दोन गोष्टी एकामागून एक व्हाव्या लागतात: आधी कंट्रोल सिग्नल तयार व्हायचे आणि मग त्यांच्या जोरावर डेटा बसवरून एएलयूतून जाऊन रजिस्टरच्या तोंडाशी पोचायचा. दुसरा भाग दोन्हीत सारखा. पहिल्या भागात हार्डवायर्डला दोन-तीन गेटचा डिले, मायक्रोप्रोग्रॅम्डला एक अख्खी मेमरी वाचायची.

आकडे मनानं धरू, फक्त हिशोबासाठी. डेटापाथला 10 नॅनोसेकंद, गेट्सना 3, कंट्रोल मेमरीला 8. मग क्लॉक 13 आणि 18. `ADD` दोन्हीकडं 6 क्लॉकचा, 78 विरुद्ध 108 नॅनोसेकंद. आता `JZ` बघा, जेव्हा उडी खरंच लागते. हार्डवायर्डमध्ये `PCin = T4·(JMP + JZ·Z)`, Z थेट समीकरणात आहे, म्हणून 4 क्लॉक, 52 नॅनोसेकंद. मायक्रोप्रोग्रॅम्डमध्ये ओळ 13 नुसती Z बघण्यात गेली आणि खरं काम ओळ 12 ला झालं, म्हणजे 5 क्लॉक, 90 नॅनोसेकंद. म्हणजे प्रत्येक क्लॉक लांबला, आणि निर्णय घ्यायचा असेल तिथं क्लॉकची संख्या पण वाढली. हे दुसरं कारण कुणीच लिहीत नाही, तुम्ही लिहा.

यावर एक इलाज पण आहे. कंट्रोल मेमरीच्या तोंडाला एक रजिस्टर लावायचं, आत्ताची ओळ त्यात धरून काम चालू, आणि तेवढ्यात पुढची ओळ वाचून ठेवायची. मग 10 आणि 8 एकावर एक न पडता शेजारी शेजारी चालतात आणि क्लॉक 10 च्या आसपास येतो. फक्त पुढची ओळ कुठली हे Z वर अवलंबून असेल तर आधी वाचून ठेवलेली ओळ चुकीची निघू शकते आणि तो क्लॉक फुकट जातो. हार्डवायर्डवाले पण सिग्नल असेच रजिस्टरमध्ये धरू शकतात म्हणा. त्यामुळं "मायक्रोप्रोग्रॅम्ड नेहमी अमुक पट स्लो" असं कुठं वाचलंत तर पुढं सरका.

फ्लेक्सिबल म्हणजे काय? उदाहरण द्या ना.

आपल्या मशीनला `DBL` ही नवी इन्स्ट्रक्शन देऊ, A ची दुप्पट. डेटापाथमध्ये सगळं आधीच आहे: A बसवर सोडा, एएलयूत A अधिक A, उत्तर A मध्ये. एकाच टप्प्याचं काम, `Aout`, `Add`, `Ain`.

मायक्रोप्रोग्रॅम्डमध्ये ओळ 14 रिकामी होती, तिथं हे तीन बिट 1 करा, पुढचा पत्ता 0, आणि मॅप टेबलमध्ये नव्या ऑपकोडसमोर 14 लिहा. झालं. जुन्या 14 ओळींना हात पण लागला नाही, म्हणून जुन्या पाच इन्स्ट्रक्शन परत तपासायची गरज नाही.

हार्डवायर्डमध्ये `Aout`, `Add`, `Ain` आणि `End` या चारही समीकरणांत `T4·DBL` घालावं लागणार, हे सगळ्यांना सुचतं. पाचवं सुचत नाही. ते `IRout = T4` आठवतंय? आपण कंस उडवला होता, कारण T4 ला सगळेच `IRout` देत होते. आता `DBL` ला T4 वर `Aout` पाहिजे आणि `IRout` पण आपोआप चालू होणार. एका बसवर दोघं एकदम बोलायला लागले. जिथं दोघांचे बिट सारखे तिथं बरोबर, जिथं वेगळे तिथं काहीही. व्हेरिलॉगच्या सिम्युलेशनमध्ये वेव्हफॉर्मवर लाल `x` दिसतो, खऱ्या सर्किटमध्ये चिप तापते, आणि `DBL` कधी बरोबर कधी चूक. इलाज, `IRout = T4·DBL'`. म्हणजे ज्या काटकसरीनं स्पीड दिली होती तीच नवीन इन्स्ट्रक्शन आल्यावर अंगावर आली.

कुपवाड एमआयडीसीत एका कारखान्यात मी सुट्टीत जायचो, तिथं प्रेसचं जुनं रिले पॅनेल होतं. क्लॅम्प, दाब, सोड, असा क्रम सगळा रिलेच्या वायरिंगमध्ये. मालकांना दाब दिल्यावर थोडं थांबायचा एक टप्पा वाढवायचा होता, वायरमन मामांनी दीड दिवस घातला आणि नवीन टप्पा चालू झाला तेव्हा जुनं इमर्जन्सी बटण चालेना, कारण एकच कॉन्टॅक्ट दोन कामांना वापरलेला. शेजारच्या प्रेसला पीएलसी, म्हणजे प्रोग्रॅम करता येणारं कंट्रोलर होतं, तिथं हेच काम लॅपटॉप लावून चहा येईपर्यंत झालं. पीएलसी म्हणजे मायक्रोप्रोग्रॅम्ड कंट्रोल नव्हे, पण `IRout` ची गोष्ट सांगताना मला ते मामाच आठवतात.

म्हणजे मायक्रोकोड बदलून काहीही इन्स्ट्रक्शन बनवता येते?

नाही. `SUB` बनवून दाखवा. आपल्या एएलयूला वजाबाकी येतच नाही, `Add` आणि `Pass` एवढंच येतं. रॉममध्ये काहीही लिहा, जी वायर नाही ती चालू कशी होणार? एएलयू बदलावं लागेल, शब्दात एक बिट वाढवावा लागेल.

आणि समजा एएलयू बदललं. `SUB` ला `ADD` सारख्याच तीन ओळी लागणार. `DBL` धरून 15 ओळी भरल्यात, उरली एक. 18 ओळींना 4 बिटचा पत्ता पुरत नाही, 5 लागतो, मग प्रत्येक शब्द एका बिटनं रुंद आणि रॉम 32 ओळींची. किंवा मग डोकं चालवा: `LDA`, `ADD`, `SUB` यांच्या पहिल्या दोन ओळी सारख्याच आहेत, त्या एकदाच लिहायच्या आणि नंतर ऑपकोड बघून परत एकदा फाटा फोडायचा. जागा वाचते, पण दुसरी मॅप टेबल लागते.

ही आयडिया आली कुठून? पेपरात इतिहास लिहायचा का?

एक ओळ पुरे. मॉरिस विल्क्स यांनी 1951 मध्ये मांडली, केंब्रिजच्या एडसॅक 2 मध्ये ती प्रत्यक्षात आली. पण मला विचाराल तर उदाहरण द्यायचं ते आयबीएम सिस्टिम 360 चं. 1964 मध्ये त्यांनी एकाच वेळी लहान-मोठी अनेक मॉडेल जाहीर केली, सगळ्यांची इन्स्ट्रक्शन सेट तीच. मॉडेल 30 सारखी स्वस्त मशीन मायक्रोप्रोग्रॅम्ड, आणि नंतर आलेलं वरचं मॉडेल 75 हार्डवायर्ड. आतला डेटापाथ साधा असला तरी मायक्रोकोडच्या जोरावर बाहेरून तीच मोठी इन्स्ट्रक्शन सेट दाखवता येते, आणि जिथं स्पीडला पैसे मोजणारे गिऱ्हाईक आहे तिथं गेट्स. या टॉपिकची सगळी तुलना एका कंपनीच्या एका मालिकेत बसलीय. मॉडेल 30 ची कंट्रोल मेमरी तर पंच कार्डाच्या आकाराच्या कार्डांची होती, मायक्रोकोड बदलायचा तर कार्ड बदलायचं.

8085 आणि 8086 मध्ये कुठलं काय?

व्हायव्हाला हमखास. 8085 हार्डवायर्ड, 8086 मायक्रोप्रोग्रॅम्ड. 1978 च्या 8086 मध्ये 512 ओळींची, 21 बिट रुंदीची मायक्रोकोड रॉम आहे. गुणाकार-भागाकार, स्ट्रिंगच्या इन्स्ट्रक्शन, असल्या लांबलचक गोष्टी गेट्समध्ये बांधण्यापेक्षा रॉममध्ये लिहिणं परवडलं.

मग आजचे प्रोसेसर कुठल्या बाजूला?

दोन्ही. आरआयएससीच्या इन्स्ट्रक्शन साध्या आणि एकसारख्या, म्हणून तिथं हार्डवायर्ड. x86 मध्ये नेहमीच्या साध्या इन्स्ट्रक्शन थेट डिकोडरमधून जातात आणि अवघड, क्वचित लागणाऱ्या मायक्रोकोड रॉममधून. "आरआयएससी म्हणजे हार्डवायर्ड, सीआयएससी म्हणजे मायक्रोप्रोग्रॅम्ड" हे पेपरात लिहा, पण "साधारणपणे" हा शब्द घालून.

मायक्रोकोड अपडेट म्हणतात ते हेच का? रॉम तर बदलत नाही ना?

रॉम बदलत नाही, तिच्या शेजारी थोडी रॅम असते, अपडेट तिच्यात जातो आणि ठराविक ओळींच्या ऐवजी तिथला कोड चालतो. रॅम असल्यामुळं लाइट गेली की गेला, म्हणून बायॉस किंवा ऑपरेटिंग सिस्टिम प्रत्येक वेळी चालू होताना परत भरते. लिनक्स असेल तर स्वतः बघा:

```
grep -m1 microcode /proc/cpuinfo
```

इंटेलनं ही सोय 1995 च्या पेंटियम प्रोपासून दिली. त्याच्या आदल्याच वर्षी पेंटियमचा भागाकाराचा गाजलेला बग निघाला होता. चूक हार्डवेअरमधल्या टेबलमध्ये होती, काही नोंदी भरायच्या राहिल्या होत्या, आणि तेव्हा बाहेरून दुरुस्त करायचा मार्ग नव्हता, चिपा बदलून द्याव्या लागल्या.

शेवटचं, सहा मार्काला फरक लिहा असं आलं तर काय लिहू?

टेबल काढाच, ते तपासणाऱ्याला लागतं, पण प्रत्येक मुद्द्यात "का" चे चार शब्द घाला. स्पीड: हार्डवायर्ड जास्त, कारण गेटचा डिले कंट्रोल मेमरी वाचण्यापेक्षा कमी. बदल: हार्डवायर्डमध्ये समीकरणं आणि सर्किट परत करावं लागतं, दुसऱ्यात कंट्रोल मेमरीतला मजकूर बदलतो. डिझाइन आणि चुका शोधणं: इन्स्ट्रक्शन वाढल्या की हार्डवायर्ड अवघड होत जातं, मायक्रोप्रोग्रॅम्ड पद्धतशीर राहतं. खर्च या मुद्द्यावर सगळे गडबडतात, इन्स्ट्रक्शन थोड्या आणि साध्या असतील तर हार्डवायर्ड स्वस्त, कारण रॉम, मॅप टेबल आणि पत्ता ठरवणारं सर्किट हा खर्च मायक्रोप्रोग्रॅम्डला पहिल्या इन्स्ट्रक्शनपासूनच बसतो. इन्स्ट्रक्शन खूप आणि किचकट असतील तर उलटं. कंट्रोल मेमरी: एकात नाही, एकात आहे. वापर: आरआयएससी आणि सीआयएससी, साधारणपणे.

टेबलच्या वर दोन छोट्या आकृत्या, एकीत काउंटर, दोन डिकोडर आणि गेट्सचा डबा, दुसरीत मॅप टेबल, पत्त्याचं रजिस्टर, कंट्रोल मेमरी. दोन्हीत फ्लॅगचा बाण आत येताना दाखवा, तो विसरला तर `JZ` चालणारच नाही आणि कडक तपासणारे सर अर्धा मार्क कापतात. खाली उदाहरण म्हणून `PCin = T4·(JMP + JZ·Z)` आणि ओळ 12, 13 लिहून "इथं एक क्लॉक जास्त लागतो" एवढं लिहा. जागा उरली तर विल्क्स, नाहीतर राहू दे.